मालकाकडं जादा किल्ली आहे म्हणून तो केव्हाही आत येऊ शकतो का?

हिंदवाडी, वरचा मजला
बेळगावात हिंदवाडीत पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहतो. भाडं महिना ९,०००, अ‍ॅग्रीमेंट ११ महिन्यांचं. मालक खालीच राहतात. आम्ही नवरा-बायको कामावर गेलो की ते जादा किल्लीनं दार उघडून आत येतात. कधी मोटर लावायला, कधी स्वयंपाकघरातली ओल बघायला. मागल्या आठवड्यात तर घर विकत घ्यायला आलेल्या लोकांना बेडरूमपर्यंत फिरवून आणलं. बायकोचे कपडे तिथंच दोरीवर वाळत होते. विचारलं तर म्हणाले, "माझंच घर हाय की." माझं मत असं की न विचारता येणं चूकच. कायदा काय म्हणतो? आणि इथल्या मालक मंडळींना काय वाटतं?

वडगावचा घरमालक
मालकाची बाजू कोणी मांडणार नाही, म्हणून मीच लिहितो. आमचं जुनं कौलारू घर. पुढं आम्ही, मागं दोन बिऱ्हाडं, मधे एकच बोळ. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. आलं की लगेच मोटर लावावी लागते, नाहीतर वरची टाकी रिकामी आणि मग तेच भाडेकरू आमच्या दारात. एकदा मागच्या खोलीची भिंत अख्खा पावसाळाभर पाझरली, भाडेकरूनं चकार शब्द काढला नाही. गणपतीच्या तोंडावर गिलावा सुटला तेव्हा कळलं. तो खर्च कोणाच्या बोकांडी बसला? माझ्या. आमच्याकडं वडिलांच्या काळापासून मालक मागच्या दारानं ये-जा करत आलाय, कोणाला काही वाटलं नाही. तुमच्या मालकानं गिऱ्हाईक बेडरूममध्ये नेलं ते चुकलं, कबूल. पण मोटर लावायलासुद्धा अर्ज करायचा काय?

उद्यमबाग शिफ्टवाला
अर्जच करायचा, काका. २०२१ चा भाडे कायदा स्पष्ट आहे: २४ तास आधी लेखी नोटीस, त्यात कारण, दिवस आणि वेळ. व्हॉट्सअ‍ॅपवर दिली तरी चालते. आग, पूर असलं काही असेल तरच नोटिशीशिवाय. हिंदवाडीचे दादा, तुमच्या मालकानं तर सगळंच मोडलंय. सरळ पोलीस स्टेशनला जा आणि घरात बेकायदा घुसल्याची तक्रार द्या.

निपाणीकर
इतकं सोपं नाही. माझा फ्लॅट कोल्हापुरात भाड्यानं दिलाय, तिथं लिव्ह अँड लायसन्स होतं. त्यात राहणाऱ्याला फक्त वापराची परवानगी असते, ताबा कायद्यानं मालकाकडंच राहतो. म्हणजे मालक आपल्याच ताब्यातल्या घरात गेला, त्यात घुसखोरी कसली? हिंदवाडीच्या दादांनी आधी आपला कागद काय म्हणतो ते बघावं.

काळा कोट, बेळगाव
कोर्टात हे वाद रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२४ तासांचं कलम खरं आहे, पण ते केंद्रानं २०२१ ला मंजूर केलेल्या नमुना कायद्यातलं. राज्यानं आपल्या विधिमंडळात तसा कायदा केला तरच तो लागू होतो. कर्नाटकानं तो घेतलेला नाही. आपला १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा आहे, पण तो कमी भाड्याच्या घरांपुरता. मर्यादा मोठ्या शहरांत महिना ३,५०० आणि इतरत्र २,००० रुपये. ९,००० भाड्याला तो लावता येत नाही. मग उरतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, आणि त्यातलं कलम १०८.

त्या कलमात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. भाडेकरू भाडं देतो आणि अटी पाळतो तोवर त्याला घर विनाअडथळा भोगू द्यायचं, ही मालकाची हमी. आणि मालकाला किंवा त्याच्या माणसाला वाजवी वेळी आत येऊन घराची स्थिती पाहू द्यायची, काही बिघाड असेल तर त्याची सूचना देऊ द्यायची, ही भाडेकरूची जबाबदारी. किती तास आधी सांगायचं, याचा आकडा त्यात नाही. पण शब्द "येऊ द्यायची" असा आहे. भाडेकरूनं येऊ द्यायचं म्हणजे त्याला कळलं तरी पाहिजे. त्यानं विनाकारण अडवलं तर करार मोडला म्हणून मालकानं कोर्टात जावं. किल्ली लावून स्वतःच आत शिरण्याची मुभा मला तरी त्या कलमात दिसत नाही.

आता हिंदवाडीचे तीन प्रकार वेगळे करा. ओल बघायला येणं त्या कलमात बसतं, वेळ वाजवी असली पाहिजे आणि आधी सांगितलेलं असलं पाहिजे. नुकसान भाडेकरूच्याच हयगयीनं झालं असेल तर मालकानं सूचना दिल्यापासून तीन महिन्यांत ते त्यानं दुरुस्त करून द्यायचं. पण कलम पाहणीपुरतं आहे. गवंडी आणून भिंत फोडायची तर भाडेकरूची संमती किंवा अ‍ॅग्रीमेंटमधली अट लागते. मोटर लावणं ही पाहणी नव्हे, त्यामुळं तिथंही अट किंवा संमतीच. आणि गिऱ्हाईक फिरवणं तर यात कुठंच येत नाही. तिथं फक्त तुम्ही हो म्हणाल तरच.

निपाणीकरांचा मुद्दा महाराष्ट्रातल्या कागदांपुरता समजण्यासारखा आहे. पण वर नाव काय छापलंय त्यावर सगळं ठरत नाही. १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्सच्या निकालापासून सुप्रीम कोर्ट पक्षकारांचा खरा हेतू काय होता हे बघतं, आणि जागेचा एकट्याचा ताबा कोणाला दिला ही त्यातली मोठी खूण. स्वयंपाकघरासकट स्वतंत्र मजला आणि दाराला तुमचं कुलूप, तर तो भाडेपट्टाच मानला जाण्याची शक्यता जास्त.

उद्यमबाग शिफ्टवाला
मग पोलिसांचं काय? ताबा भाडेकरूचा असेल तर घुसखोरी झालीच की.

काळा कोट, बेळगाव
मालकी नव्हे, ताबा बघतात, इथवर बरोबर. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ ला हेतू लागतो: गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा. मोटर लावायला आलो होतो म्हटल्यावर ठाण्यातून "सिव्हिल मॅटर आहे" हेच ऐकाल. लेखी मनाई केल्यावरही तो येत राहिला तर चित्र बदलतं. म्हणून पहिली पायरी मेसेज.

खानापूर रोड
माझ्या मालकानं डिपॉझिटमधून रंगाचे १२,००० कापले. ते परत कसे मिळवायचे? कोणी सांगेल काय?

काळा कोट, बेळगाव
तो वेगळा विषय, वेगळा धागा काढा. एवढंच सांगतो, तुमच्या पाठीमागं झालेल्या पाहणीत "सापडलेले" डाग नंतर डिपॉझिटच्या हिशेबात येतात. दोघं हजर असताना पाहणी झाली आणि त्याच दिवशी फोटो निघाले तर हा वाद पुष्कळ कमी होतो.

तिघी मैत्रिणी, नेहरूनगर
आमचे मालक आत येत नाहीत, पण जिन्यात कॅमेरा लावलाय आणि त्याचं तोंड आमच्या दाराकडं. दार उघडलं की हॉलसुद्धा दिसतो. रात्री कोण आलं, किती वाजता गेलं, सगळं आमच्या घरी फोन करून सांगतात. ही काय पाहणी म्हणायची?

वडगावचा घरमालक
तीन मुली एकट्या राहतात म्हटल्यावर मालकाला काळजी असणारच, पोरी. काही झालं तर गल्ली आम्हालाच विचारते.

तिघी मैत्रिणी, नेहरूनगर
काका, आम्ही तिघीही नोकरी करतो आणि भाडं वेळेवर देतो. काळजी असेल तर कॅमेऱ्याचं तोंड गेटकडं फिरवा.

काळा कोट, बेळगाव
सामायिक जिन्यात कॅमेरा लावणं चूक नाही. दारातून आतलं दिसतंय ते चूक, ते फिरवून मागा. बेडरूम किंवा न्हाणीघराच्या खिडकीकडं तोंड असतं तर न्याय संहितेच्या कलम ७७ पर्यंत, म्हणजे बाईला चोरून बघण्याच्या गुन्ह्यापर्यंत, प्रकरण जाऊ शकलं असतं. घरी फोन करणं आगाऊपणा आहे, पण त्यावर थेट बोट ठेवता येईल असं कलम मला दिसत नाही.

हिंदवाडी, वरचा मजला
अ‍ॅग्रीमेंट कन्नडमध्ये टाइप केलंय, शेजारच्यांकडून वाचून घेतलं. त्यात एकच ओळ आहे: मालकाला घराची पाहणी करण्याचा हक्क राहील. वेळ नाही, कारण नाही, काहीच नाही. सही करताना "नेहमीचाच मजकूर हाय" म्हणून सांगितलं होतं.

काळा कोट, बेळगाव
मग फार वाईट नाही. "पाहणी" म्हणजे पाहणीच, गिऱ्हाईक आणि मोटर त्यात येत नाहीत. कलम १०८ ची सुरुवातच "उलट करार किंवा स्थानिक रूढी नसेल तर" अशी आहे, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी कागद नीट करून घ्या. आज असा मेसेज टाका: "आमच्या गैरहजेरीत कृपया आत येऊ नये. ओल बघायला रविवारी सकाळी १० ते १२ या. मोटरच्या स्विचबद्दल तेव्हाच बोलू." शब्द साधे ठेवा, पुढं हाच पुरावा. नव्या कागदात चार ओळी घाला: पाहणीआधी एक दिवस मेसेज, दोघांपैकी एकजण घरी असताना, गिऱ्हाईक दाखवायचं तर आधी ठरवून, आणि पाईप फुटला, शॉर्ट सर्किट झालं तर फोन करून लगेच. या शेवटच्या ओळीला आडकाठी करू नका, ती तुमच्याही फायद्याची आहे. मोटरचा स्विच जिन्यात काढून घेणं वायरमनचं काम आहे, खर्च मालकाचा, पण निम्मा द्यायला लागला तरी द्या. निम्मे वाद तिथंच मिटतात.

वडगावचा घरमालक
स्थानिक रूढी म्हणालात ना वकीलसाहेब? मग आमच्याकडं मालकानं ये-जा करायची हीच रूढी.

काळा कोट, बेळगाव
ती कोर्टात सिद्ध करायला लागते, काका. एका घरात दोन पिढ्या चाललं म्हणजे रूढी होत नाही. भागातल्या लोकांनी ती ठरलेली, सर्वांना माहीत असलेली म्हणून सांगितली पाहिजे. तुमचा सामायिक बोळ आणि मागचं दार यापुरतं कदाचित टिकेलही. हिंदवाडीतल्या बंद दाराच्या फ्लॅटला ती लावणं अवघड.

निपाणीकर
एक सांगा, भाडेकरूनं कुलूपच बदललं तर? माझ्या कोल्हापूरच्या फ्लॅटात तसं झालं होतं. आत पाणी वाहत होतं आणि मला दार फोडून घ्यावं लागलं.

हिंदवाडी, वरचा मजला
माझाही तोच विचार चाललाय. बायको म्हणते आजच बदल.

काळा कोट, बेळगाव
कागदात मनाई नसेल तर बदलता येतं असं माझं मत. जुनं कुलूप जपून ठेवा, घर सोडताना ते बसवून द्या. पण एक किल्ली बंद पाकिटात, तोंडावर दोघांची सही करून मालकाकडं ठेवा. पाकीट फुटलेलं दिसलं तर कारण विचारता येतं.

वडगावचा घरमालक
पाकिटावर सही? उद्या माझ्याच घराची किल्ली बँकेच्या लॉकरात ठेवा म्हणाल. मी तर कुलूप बदलणाऱ्याला महिन्यात घर खाली करायला सांगेन.

उद्यमबाग शिफ्टवाला
सांगा की. मुदत संपायच्या आत उठवायला तुमच्या कागदात तशी अट आहे का, ते आधी बघा.