सेटअपचा खर्च ईआरपीत नीट बसत नाहीये – मदत हवी आहे

छोट्या कारखान्यात दोन पार्ट बनतात. महिन्याला 'अ' 9,000 नग, 'ब' 1,000. दोन्हींना नगामागे 0.3 मशीन-तास लागतात, म्हणजे एकूण 3,000 तास. ओव्हरहेड 6 लाख, दर तासाला 200, त्यामुळे दोन्हींवर नगामागे सारखेच 60 चढतात.

पण यातले 2.4 लाख निव्वळ सेटअपचे आहेत. महिन्याच्या 40 सेटअपपैकी 30 एकट्या 'ब'चे, कारण त्याच्या ऑर्डरी 33-34 नगांच्या येतात. एका सेटअपला 6,000 धरून कागदावर अ‍ॅक्टिव्हिटीनुसार मांडलं तर 'अ' साधारण 43 वर येतो आणि 'ब' थेट 216 वर! (आजवर 'ब'च आमचा फायद्याचा माल समजत होतो.)

ईआरपीत मशीनचा दर 120 केला आणि राउटिंगमध्ये सेटअपचं वेगळं ऑपरेशन, वेगळ्या दराने, टाकलं. तरी 'ब'ची स्टँडर्ड कॉस्ट 42च दिसते. कारण सापडलं: आयटम मास्टरमध्ये कॉस्टिंग लॉट साइज 1,000 आहे, म्हणून सेटअपचे 6,000 रुपये 1,000 नगांत वाटले जातात. फरक महिनाअखेरीस व्हेरिअन्समध्ये जमा होतो.

लॉट साइज 33 करून एका टेस्ट आयटमवर पाहिलं, आकडा बरोबर येतो. पण चालू वर्षात साठ्याचं मूल्यांकन बदलायचं नाही, आणि वेगळं कॉस्टिंग मॉड्यूल घेणं शक्य नाही.

मग जुनी स्टँडर्ड कॉस्ट तशीच ठेवून, नवा लॉट साइज फक्त दुसऱ्या, साठ्याला न लागणाऱ्या कॉस्ट व्हर्जनमध्ये कोणी चालवलाय का? आणि ऑर्डरचा आकार बदलत राहिला तर तो लॉट साइज किती दिवसांनी सुधारता?