छोट्या कुटुंबासाठी मायक्रोवेव्ह की एअर फ्रायर?

ओट्यापाशी: आम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी. ओट्यावर एकाच यंत्रापुरती जागा, बजेट दहा हजारांच्या आत. वीस लिटरचा साधा मायक्रोवेव्ह घ्यावा की चार लिटरचा एअर फ्रायर?

खमंग: एअर फ्रायरच घ्या. कोथिंबीर वडी, कटलेट, रवा लावलेली सुरमई, सगळं चमचाभर तेलात होतं. चार लिटर तिघांना भरपूर.

दुपारची पाळी: इथे लिटरवर जाऊ नका. ती बास्केटची उंची धरून सांगतात, पण वस्तू कुरकुरीत होतात त्या एकाच थरात. चार लिटरच्या चौकोनी बास्केटचा तळ साधारण वीतभर असतो. त्यात मधे फट ठेवून पंधरा-सोळा वड्या बसतात. १८० अंशांवर बारा-चौदा मिनिटं, मधे एकदा उलटायच्या. एकावर एक रचल्या तर खालच्या वाफेने मऊ पडतात. तिघांच्या नाश्त्याला दोन घाणे, म्हणजे अर्धा तास गेलाच. आणि भज्यांचं ओलं पीठ त्यात जाळीतून खाली गळतं.

ताई, आधी बघा की रोज काय करता. सकाळचा भात, आमटी, भाजी संध्याकाळी गरम करायची असेल तर ते काम मायक्रोवेव्हचं. एअर फ्रायरमध्ये भाताची शितं वरून वाळून कडक होतात. साध्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र वडी खमंग होणार नाही, तो पाण्याचा अंश तापवतो, कवच आणत नाही.

खमंग: आमटी गॅसवर तापतेच की! त्यासाठी ओटा का अडवायचा?

दुपारची पाळी: गॅसवर तापते, पण पातेलं घासावं लागतं आणि ढवळत उभं राहावं लागतं. दोघंही नोकरीला असतील तर याला किंमत आहे.

केकवाली: मी कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घेतला, २८ लिटरचा. केक सुंदर होतो, दोन्ही कामं भागतात.

दुपारची पाळी: भागतात, पण तो दहा हजारांत बसणं कठीण. वड्यांसाठी एवढी मोठी पोकळी आधी तापवावी लागते, आणि १६ अँपिअरचा प्लग हवा. एअर फ्रायरही १४००-१५०० वॉटचा असतो, तेव्हा ओट्यावरचा सॉकेट आधी बघा.

गावाकडचा: ब्रँड मोठा असला की सर्व्हिसची चिंता नाही.

दुपारची पाळी: पूर्ण खरं नाही. माझ्या एअर फ्रायरच्या बास्केटचं कोटिंग निघालं, तेव्हा कंपनी म्हणाली, सुटी बास्केट मिळत नाही. म्हणून घेण्याआधी कस्टमर केअरला आपला पिनकोड सांगून विचारा: माणूस घरी येतो की यंत्र सेंटरवर न्यायचं? बास्केट सुटी मिळते का, केवढ्याला? मायक्रोवेव्हच्या आत ठिणग्या दिसल्या तर बंद करून बाजूच्या भिंतीवरचा अभ्रकाचा पत्रा बघा. तेलकट शिंतोड्यांनी तो जळतो. बदलायला स्वस्त असतो, त्यासाठी नवा मायक्रोवेव्ह घेऊ नका.

ओट्यापाशी: रात्री गरम करणं रोजचं, वड्या रविवारी. पण मुलीला मासे कुरकुरीतच लागतात, आणि हे म्हणतात तेल कमी कर.

खमंग: मग माझं मत बदललेलं नाही.

दुपारची पाळी: मासे आठवड्यातून किती वेळा होतात ते सांगा.