टॉवर उघडला, पण रात्रीचं काय?

कुलकर्णी काकू (बी-३०२), पहाटे ५.५२
सुप्रभात. काल रात्री परत टॉवरच्या घड्याळाचे बारा ठोके. मग एक, मग दोन, मग तीन. सगळे मोजलेत मी. चाचणी चाचणी म्हणून आठ दिवस झाले. रात्रीचे ठोके बंद होणार की नाही, कमिटीने कुणाला विचारलं का?

चौगुले (सेक्रेटरी), ७.१०
काकू, नमस्कार. नगरपालिकेची प्रेस नोट आलीय, फोटो टाकतोय. रविवारपासून टॉवर सगळ्यांना खुला. आपल्या गावासाठी आनंदाची गोष्ट 🙏

देसाई सर (ए-४०१), ७.१४
सगळी कानडीत आहे. दोन ओळी मराठीत लिहिल्या असत्या तर शाई संपली असती का?

चौगुले, ७.१५
सर, तो विषय या ग्रुपवर नको. गेल्या वेळी चार जण लेफ्ट झाले होते.

देसाई सर, ७.१५
मी फक्त विचारलं.

हिरेमठ सर (सी-२०३), ७.३१
मी सांगतो की मराठीत. टॉवर रविवारपासून खुला, सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ६. एका वेळी दहाच जण, जिना अरुंद आहे. लहान मुलं पालकांसोबत. आठवड्यातून एकदा चावी देतात, तेही बघता येईल. मशीन जुनंच ठेवलंय, चाकांची आस फिरते त्या झिजलेल्या बुशी नवीन केल्या, पश्चिमेच्या काट्याचं वजन परत बसवलं. शेवटी लिहिलंय, रात्री ११ ते पहाटे ५ घंटा शांत ठेवण्याचा विचार आहे.

कुलकर्णी काकू, ७.३३
"विचार आहे" म्हणजे? हो की नाही?

सुमित (सी-४०२), ७.४०
पांढरी आल्टो गेटला लावलीय. कुणाची? मला ड्युटीला जायचंय.

देसाई सर, ७.४४
विचार कसला त्यात? रात्री बटन बंद करायचं, सकाळी चालू. एवढ्यासाठी प्रेस नोट!

मोरे मामा (ए-१०४), ८.०५
सर, बटन नाही वो त्याला. उद्यमबागेत बुशी आमच्याच लेथवर झाल्या म्हणून सांगूलालोय. घड्याळाला चाकांचे दोन वेगवेगळे गाडे. एक काटे फिरवतो, दुसरा घंटा वाजवतो. दोघांची वजनं वेगळी, दोर वेगळे. घंटेच्या गाड्याला किती वाजले ते कळतच नाही.

सुमित, ८.०७
मामा, कळत नाही तर बरोबर कसा वाजवतो?

मोरे मामा, ८.१६
त्याला एक चकती असते. कडेला खाचा. दोन खाचांमधलं अंतर आधी एका ठोक्याचं, मग दोनचं, मग तीनचं, असं बारापर्यंत. काट्याच्या गाड्याने तासाला एक कळ उचलली की चकती सुटते आणि पुढच्या खाचेत अडकेपर्यंत हातोडा मारत राहते. म्हणजे दहानंतर ती अकराच वाजवणार, बाहेर किती का वाजेनात. आता देसाई सरांचं ऐकून रात्री दहाचे ठोके झाल्यावर तिला अडकवून ठेवली. सकाळी सहाला सोडली. किती वाजवेल?

सुमित, ८.१८
अकरा 😂

मोरे मामा, ८.१९
बरोबर. सातला बारा, आठला एक. नाहीतर सहालाच कुणीतरी वर चढून हाताने कळ सात वेळा उचलायची, बारा, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा असं सगळं वाजवत आणायचं. सकाळी सकाळी तेहतीस ठोके. काकूंना चालेल का?

कुलकर्णी काकू, ८.२०
अजिबात नाही.

हिरेमठ सर, ८.२६
म्हणूनच पूर्वी सातला चार वाजायचे! माझे वडील म्हणायचे, टॉवर पिऊन आलाय.

मोरे मामा, ८.३०
हो, बंद पडलेलं घड्याळ चालू करताना कुणीतरी काटे भराभर पुढे ढकलायचं. ठोके पुरे होईपर्यंत थांबायचंच नाही. गाडा मागे राहणार की मग.

जाधव वहिनी (बी-१०१), ८.४१
पण आधी तो बंदच का पडायचा? मी लग्न होऊन आले तेव्हापासून पावणेनऊ. नाहीतर पावणेतीन.

सुमित, ८.४२
टॉवरवर कायम पावणेच. चहा ठेवा कुणीतरी 😄

मोरे मामा, ८.५५
हसूलालाय, पण खरी खूण तीच होती. चारी डायलना मशीन एकच. मिनिटाचा काटा सहावरून वर चढताना मशीनला त्याला उचलायला लागतं, आणि पाऊणला तो डावीकडे आडवा असतो तेव्हा ओझं सगळ्यात जास्त. म्हणून काट्याच्या मागच्या शेपटीला वजन असतं, तराजूसारखं. पश्चिमेच्या काट्याचं वजन कधीतरी गळून पडलेलं. वर पारवे बसायचे ते वेगळंच. आधीच्या कंत्राटदाराने काय केलं, बंद पडतंय म्हणून ग्रीस कोंबलं. ग्रीसमध्ये धूळ बसली की त्याची पॉलिश पेपरासारखी लुगदी होते. पितळेच्या बुशी अंड्यासारख्या झालेल्या, आस डुगडुगायची, दाते नीट भिडेनात. आम्ही गनमेटलच्या नवीन बुशी ओढल्या, चाकांना हात लावला नाही. आता पातळ तेल, तेही थेंबाने. दात्यांना नाहीच.

देसाई सर, ९.०२
माहिती चांगली आहे. पण मागच्या कमिटीच्या काळात याच टॉवरसाठी वर्गणी गोळा झाली होती, तिचा हिशोब मी आजही मागतोय.

चौगुले, ९.०४
सर, ती वर्गणी गणपतीची होती.

देसाई सर, ९.०४
पावतीवर "इतर कामे" लिहिलंय. पावती आहे माझ्याकडे.

कुलकर्णी काकू, ९.०६
रात्रीचे ठोके बंद होणार का? हो किंवा नाही, एवढंच सांगा.

सुमित, ९.०७
आल्टो अजून तिथेच आहे. मी रिक्षाने आलो.

हिरेमठ सर, ९.२०
मोरे, मग रात्रीसाठी उपाय काय? बंदच करता येत नसेल तर लिहिलंय कशाला?

मोरे मामा, ९.३४
उपाय हाय की. गाडा थांबवायचा नाही, हातोडा धरायचा. घंटेपासून हातोडा तारेने मागे ओढून ठेवला की चकती आपली मोजत राहते, घंटा वाजत नाही. सकाळी तार सोडली की सहाला बरोबर सहाच. अकरापासून पाचपर्यंत धरले तर अडतीस ठोके मुके. दिवसभराचे होतात एकशे छप्पन्न. तारेचा आकडा परवा बसवलाय, ओढायला वॉचमन ठेवायचा एवढंच राहिलंय.

देसाई सर, ९.३६
वॉचमन झोपला तर?

मोरे मामा, ९.३७
मग वाजेल. घड्याळ बिघडणार नाही, काकू जाग्या होतील.

जाधव वहिनी, ९.४०
मला तर रात्री ठोके ऐकून बरं वाटतं वो. सोबत असल्यासारखं.

कुलकर्णी काकू, ९.४१
वहिनी, तुमची खिडकी मागच्या बाजूला आहे.

चौगुले, १०.१५
नगरपालिकेत फोन केला. वॉचमन आजपासून. रविवारी आपल्यातले दहा जण पहिल्या वेळेला जाऊ, नावं टाका. १. चौगुले

हिरेमठ सर, १०.१६
२. हिरेमठ + १

देसाई सर, १०.२२
३. देसाई. हिशोबाचा विषय संपलेला नाही.

कुलकर्णी काकू, रात्री ११.०४
अकरा झाले. वाजले नाहीत. पण घर्रर्र असं काहीतरी ऐकू आलं.

मोरे मामा, ११.०६
तो पंखा. गाडा भराभर पळू नये म्हणून वाऱ्याला अडवणारी पाती असतात. ते ऐकू आलं म्हणजे चकती मोजूलालीय. झोपा आता.

कुलकर्णी काकू, ११.०७
आता बाराला ते घर्रर्र येतं का बघते.

पाटील (ए-२०२), ११.३८
सॉरी, आज ग्रुप बघितलाच नाही. आल्टो माझ्या मेव्हण्याची. सकाळी काढतो.