लॅसिक्सने प्रीलोड उतरतो, मग पंपिंग का घटत नाही?

"प्रीलोड कमी केला तर हृदयातून रक्तही कमीच बाहेर पडेल ना? मग हार्ट फेल्युअरमध्ये लॅसिक्स का देतात?"

प्रीलोड म्हणजे ठोक्याआधी हृदय रक्ताने भरताना त्यावर येणारा ताण. तो उतरला की निरोगी हृदयात तसंच होतं. पण समजा, कोल्हापुरात तुझ्या वॉर्डात पन्हाळ्याकडचे एक आजोबा आलेत. आडवं झालं की धाप लागते, पाय दाबला की खळगा राहतो. त्यांचं डावं वेंट्रिकल भरून आधीच ताणलंय. आणखी रक्त आलं तरी दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त फारसं वाढत नाही, आतला दाब तेवढा वाढतो आणि तो मागे फुफ्फुसापर्यंत जाऊन तिथं पाणी साचतं. त्यात किडनीला रक्त कमी पोचतं, म्हणून ती मीठ-पाणी धरून बसते.

शिरेतून 40 मिग्रॅ लॅसिक्स दिलं की हेच मीठ-पाणी लघवीतून जातं, प्रीलोड उतरतो, धाप कमी होते. रक्त मात्र जवळपास तेवढंच बाहेर पडतं. आफ्टरलोड, म्हणजे ज्या विरोधाला तोंड देत रक्त ढकलायचं तो, वेगळा. त्यासाठी रॅमिप्रिलसारखी औषधं.

रोज सकाळी एकाच काट्यावर वजन घे. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. उठताना चक्कर, बीपी खाली, क्रिएटिनिन वर असं दिसलं तर प्रीलोड बहुधा गरजेपेक्षा खाली गेलाय. पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांग. पोटॅशियमचा रिपोर्टही बघच.