अनुभव धागा: पत्रात ‘सौ.’, ‘श्रीमती’ की नुसतेच नाव?

धागाकर्ती, ऐरोली
आमच्या कार्यालयातून ग्राहकांना एकच ई-मेल इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत जातो. मराठी संबोधन एक्सेलमधील या सूत्रातून येत असे:

```
=IF(B2="Ms.","सौ.","श्री.")
```

गेल्या महिन्यात एका बाईंनी कळवले, की त्यांचे यजमान जाऊन चार वर्षे झाली असून मायन्यातील पहिल्याच अक्षरापुढे त्यांना वाचवले नाही. आपण अशा वेळी काय लिहिता?

निवृत्त अनुवादक, ठाणे
विवाहाचा उल्लेख टाळता यावा म्हणूनच `Ms.` हे संबोधन १९०१ साली अमेरिकेतील एका वृत्तपत्रात सुचवले गेले, आणि न्यूयॉर्क टाइम्सने ते १९८६ मध्ये स्वीकारले. ‘सौ.’ मात्र बाई विवाहित आहेत आणि पती हयात आहेत, अशा दोन गोष्टी सांगते. म्हणजे जे मुद्दाम झाकले होते, तेच आपण मराठीत उघड करतो, तेही अंदाजाने. मी ‘श्रीमती’, त्यापुढे पूर्ण नाव आणि ‘यांस’ असे लिहितो. शिवाय मराठीत आदर ‘यांस’, ‘आपण’ आणि अनेकवचनी क्रियापदातच असल्याने उपाधी गाळली तरी पत्र उद्धट होत नाही.

कोपरखैरणे
‘श्रीमती’ फक्त विधवांसाठी असते. सोसायटीच्या ई-मेलमध्ये तसे लिहिल्यावर एका काकूंनी मला जिन्यातच थांबवून, “अहो, हे घरात बसलेत ना!” असे सुनावले होते.

निवृत्त अनुवादक, ठाणे
‘फक्त’ म्हणता येणार नाही, कारण सरकारी पत्रव्यवहारात महिला अधिकाऱ्यांना सरसकट ‘श्रीमती’ लिहितात. काकूंचा राग मात्र खोटा नाही. घरगुती वापरात तो अर्थ आहेच. त्यांच्यासाठी नुसते नाव बरे.

वाशी
माझी पत्नी माहेरचे आडनाव लावते, तरी एका कंपनीने तिला ‘सौ.’ लावून माझे आडनाव जोडले. ते दुरुस्त करण्यासाठी प्रतिज्ञापत्र लागेल का? (प्रश्न थोडा वेगळा आहे, याची कल्पना आहे.)

बेलापूर, मनुष्यबळ विभाग
मी आधी समोरच्या बाईंच्या ई-मेलखालची सही पाहते. तिथे त्यांनी स्वतः ‘सौ.’ लिहिले असेल तर तेच, ‘डॉ.’ किंवा ‘ॲड.’ असेल तर तेवढेच. मधले नाव वडिलांचे की पतीचे, यावरून तर्क करत नाही. पहिल्या पत्रात ‘महोदया’ चालते. ‘सुश्री’ वापरून पाहिले, पण ते हिंदीतून उचलल्यासारखे वाटते, असे दोघींनी सांगितले.

धागाकर्ती, ऐरोली
सूत्र पुन्हा तपासताना आणखी एक चूक दिसली: रकान्यात `Dr.` किंवा `Mrs.` असलेल्या सगळ्या बायका आमच्याकडे ‘श्री.’ झाल्या होत्या! आता असे केले आहे:

```
=SWITCH(B2,"Mr.","श्री.","Ms.","श्रीमती","Dr.","डॉ.","")
```

बाकी काहीही असले तरी जागा रिकामी राहते आणि मायना नावापासूनच सुरू होतो. काकूंसारख्यांसाठी ‘श्रीमती’सुद्धा काढावे का, यावर आमच्या विभागात अजून दोन तट आहेत.