भिंतीत शिरणारा कॅमेरा: एक रेकास्ट पुरतो का?

एककिरण: खेळात पात्रामागून चालणारा थर्ड पर्सन कॅमेरा भिंतीत शिरण्याचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. पात्राच्या डोक्यापासून कॅमेऱ्यापर्यंत एक रेकास्ट, म्हणजे अदृश्य सरळ किरण, टाकावा आणि तो जिथे आदळेल तिथे कॅमेरा ठेवावा. यावर पानेच्या पाने लिहिणारे उगाच बाऊ करतात.

महालकर: हे वाचून राहवले नाही, कारण नेमक्या याच सल्ल्याने माझे तीन आठवडे खाल्ले. आम्ही नागपुरातल्या महालातल्या जुन्या वाड्यांसारखा एक वाडा युनिटी या गेम इंजिनात उभारला होता आणि कॅमेरा पात्रामागे 3 मीटरवर होता. रेकास्टला जाडी नसते, पण कॅमेऱ्याच्या निअर प्लेनला, म्हणजे ज्याच्या अलीकडचे काहीच चितारले जात नाही त्या पटलाला, लांबी-रुंदी असते. युनिटीच्या मूळ मांडणीत निअर 0.3 मीटर आणि उभा कोन 60 अंश असतो; 16:9 पडद्यावर त्या प्लेनचा कोपरा कॅमेऱ्यापासून सुमारे 46 सेंटिमीटरवर येतो. त्यामुळे भिंतीला समांतर, तिच्यापासून वीतभर अंतरावरून जाणारा रेकास्ट कुठेच आदळत नाही आणि कोपरा मात्र भिंत कापून पलीकडची खोली दाखवतो. आम्ही निअर 0.1 केले, तेव्हा कोपरा साडेपंधरा सेंटिमीटरवर आला, आणि रेकास्टऐवजी 0.2 त्रिज्येचा गोल ढकलू लागलो.

खरी फजिती पुढे झाली. नेम धरायला सोपे जावे म्हणून आम्ही गोल डोक्याऐवजी उजव्या खांद्यापलीकडून, मध्यापासून 0.5 मीटरवरून, मागे सोडत होतो. पात्राची धडक ओळखणाऱ्या कॅप्सूलची त्रिज्या 0.3 होती. पात्र उजवीकडच्या भिंतीला टेकले की गोलाचा आरंभबिंदूच भिंतीत 20 सेंटिमीटर आत जाई, आणि ज्या कोलायडरला गोल सुरुवातीलाच छेदतो तो `SphereCast` ला दिसतच नाही. वाट मोकळी आहे असे समजून कॅमेरा सरळ भिंतीआडच्या खोलीत 3 मीटर मागे जाऊन उभा राही. उपाय दोन टप्प्यांचा निघाला: गोल आधी कॅप्सूलच्या मध्यातून खांद्याकडे न्यायचा, भिंत लागली तर तिच्या किंचित अलीकडे थांबवायचा आणि तिथून मागे सोडायचा. गोलाची त्रिज्या कॅप्सूलपेक्षा लहान असेल तरच पहिला टप्पा भिंतीबाहेर सुरू होतो.

संत्राबर्फी: एवढा खटाटोप कशासाठी? निअर 0.01 करा, कोपरा दीड सेंटिमीटरवर येईल. माझ्या संगणकावर सहा महिने तसेच चालले आहे.

महालकर: संगणकावर डेप्थ, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर, उलटी साठवली जात असल्याने चालते, हे मान्य करतो. तोच खेळ ओपनजीएल ईएस वापरणाऱ्या जुन्या फोनवर लावून पाहा. दूरच्या जाळीच्या खिडक्या लुकलुकू लागतील. शिवाय आरंभबिंदूच भिंतीत असेल, तर निअर कितीही घटवून काय उपयोग?

फुटाळा_संध्याकाळ: मला त्यातले गणित कळत नाही, पण पडवीतून चालताना प्रत्येक खांबाशी कॅमेरा पाठीवर येऊन आदळतो आणि मला मळमळते. मागच्या रविवारी अर्ध्या तासात खेळ बंद करावा लागला. भिंतीचे राहू द्या, या खांबांचे काय ते सांगा!

महालकर: कॅमेरा आत झटक्यात यावा आणि बाहेर सावकाश जावा, हा नियम भिंतीसाठी योग्य आहे, पण आमचे खांब दीड मीटरवर होते आणि पात्र सेकंदाला दीड मीटर चाले, म्हणजे कॅमेरा बाहेर निघतो न निघतो तोच पुढचा खांब. शेवटी खांब कॅमेऱ्याच्या धडक तपासणाऱ्या लेयरमधून वगळले आणि आड आलेला खांब ठिपक्याठिपक्यांनी विरळ केला.

संत्राबर्फी: ही तर उघड फसवणूक झाली. दोघे समोरासमोर खेळत असताना खांबामागे लपलेला माणूस तुमच्या विरळपणामुळे उघडा पडतो. मी असाच हरलो आहे, म्हणून सांगतो.

महालकर: आपण हरलात याचे दुःख आहे. पण विरळ होतो तो फक्त कॅमेरा आणि आपले पात्र यांच्यामधला खांब. पात्राच्या पुढचा जसाच्या तसा राहतो.

संत्राबर्फी: आणि मीच खांबाला पाठ लावून उभा असेन तर? माझ्यामागून येणारा तर कॅमेऱ्याच्याही मागेच असतो. पण कॅमेरा वळवून मी खांबाआडून डोकावलो, तर मला तो दिसतो आणि त्याला मी दिसत नाही.

महालकर: ती तक्रार खरी आहे, मात्र पाठीवर आदळणारा कॅमेराही वळवता येतोच, आणि कोपऱ्याआडून तसेच डोकावता येते.

फुटाळा_संध्याकाळ: मला मळमळ नको, एवढेच म्हणणे होते.

एककिरण: खांद्याचा प्रयोग करून पाहिला. कॅमेरा शेजारच्या खोलीत गेला, हे कबूल. पण तो दोष खांद्याचा आहे, माझ्या रेकास्टचा नव्हे. कॅमेरा डोक्याच्या नेमका मागे ठेवावा, म्हणजे झाले.

महालकर: अवश्य ठेवा. मग नेमाची फुली आपल्याच नायकाच्या टाळक्यावर येईल.

एककिरण: कॅमेरा थोडा वर उचलेन.

महालकर: वाड्याचे छत सव्वादोन मीटरवर आहे.