पुणे–दिल्ली रात्रीचं विमान रखडलं तर काउंटरवर नेमकं काय मागायचं?

मीनल_सातारा
आई-बाबा डिसेंबरच्या शेवटी पुण्याहून दिल्लीला ताईकडे चाललेत. विमान रात्री १०.५० चं. आम्ही साताऱ्याचे, पुण्यात रात्री-अपरात्री हक्काने टेकावं असं कुणाचं घर नाही. मागच्या थंडीत शेजारच्या काकांनी अख्खी रात्र खुर्चीत काढली, हातात काय तर एक सँडविचचं कुपन. असा खोळंबा झाला तर हॉटेल मिळतं का? जेवणाचं कुपन कधी मागायचं? आणि स्वतःच खोली घ्यायची वेळ आली तर विमाननगरला दोन-अडीच हजारांच्या आत काय मिळेल? बाबांना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. मी सोबत नसेन, फोनवरूनच सांगणार आहे.

चिंचवडचा_प्रवासी
सरळ मुंबईहून जा. विमानं जास्त, पर्याय जास्त. मी पुण्याहून रात्रीचं विमान घेणं कधीच सोडलं.

कोथरूड_कट्टा
@चिंचवड, साताऱ्याहून निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना घाट उतरवून मुंबईला नेताय? आणि मुंबईत रखडत नाही की काय? धुकं दिल्लीत असतं, तुम्ही इकडून कुठूनही निघा.

अमोल_खराडी
मीनलताई, काही घाबरू नका. नियम सोपा आहे. सहा तास उशीर झाला की हॉटेल, शिवाय दहा हजार रुपये भरपाई. डीजीसीएचा, म्हणजे सरकारी विमान नियामकाचा, नियम आहे. मोबाइलवर काढून काउंटरवर दाखवायचा, लगेच सरळ होतात.

लोहगाव_निवृत्त
अमोल, अर्धं बरोबर आहे. पण अर्ध्या माहितीवर भांडलं की काउंटरवरचा माणूस चुकीचा अर्धा पकडतो आणि बरोबर असलेलंही नाकारतो. मी बरीच वर्षं एका विमान कंपनीच्या ग्राउंड स्टाफमध्ये काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दहा हजारांचा आकडा विमान रद्द झालं तर लागू होतो. तीही वरची मर्यादा आहे आणि त्याला अटी आहेत. नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई नाही. उशिरात मिळतं ते खाणं आणि राहणं.

खाण्याचं आधी. तिकिटावर प्रवासाचा वेळ अडीच तासांच्या आत असेल तर दोन तासांच्या उशिरापासून खाणं-पिणं देणं बंधनकारक आहे. पुणे–दिल्ली यातच बसतं. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तास, त्याहून लांबच्याला चार. अट अशी की तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं असलं पाहिजे.

आता हॉटेल. सर्वसाधारणपणे २४ तासांहून जास्त उशीर असेल तर. पण ठरलेली वेळ रात्री ८ ते पहाटे ३ च्या मधली असेल, तर सहा तासांहून जास्त उशिराला. आई-बाबांचं १०.५० चं आहे, म्हणजे ते या दुसऱ्या कलमात येतात. दुपारी ४ चं विमान रात्री ११ ला गेलं तर सात तास होऊनही हॉटेल नाही. हे लोकांना माहीत नसतं आणि मग वाद होतात.

सुप्रिया_बाणेर
फ्रँकफर्टला माझं विमान रखडलं तेव्हा सहाशे युरो मिळाले होते! अर्ज केला, काही आठवड्यांत खात्यात जमा. तुम्हीही अर्ज करा.

लोहगाव_निवृत्त
सुप्रियाताई, तो युरोपचा कायदा. युरोपातून निघणारी विमानं, किंवा तिकडे जाणारी युरोपीय कंपन्यांची विमानं. पुणे–दिल्लीला त्याचा काही संबंध नाही.

अमोल_खराडी
भरपाईचं मान्य. पण सहा तासांचं मी बरोबरच सांगितलं होतं.

सोलापूरची_स्नेहा
आमच्या वेळी सहा तास झाले तरी हॉटेल दिलं नाही. आधी ११.४५ सांगितलं, मग १.३०, मग ३, मग ५. दर वेळी "अजून दीडच तास" म्हणायचे. सासूबाई बाकावर आडव्या झाल्या होत्या. फार वाईट वाटलं.

लोहगाव_निवृत्त
स्नेहाताई, खरी मेख हीच. उशीर तुकड्यातुकड्याने जाहीर होतो आणि प्रवासी प्रत्येक तुकडा वेगळा मोजतो. मोजायचं तिकिटावरच्या मूळ वेळेपासून.

मीनलताईंचंच उदाहरण घ्या. मूळ वेळ १०.५०. संध्याकाळी मेसेज येतो, १२.२०. मग २.००. मग पहाटे ५.४०. शेवटच्या मेसेजला एकूण उशीर सहा तास पन्नास मिनिटं झाला, म्हणजे हॉटेलची मर्यादा ओलांडली. तीच वेळ ४.४५ असती तर पाच तास पंचावन्न मिनिटं, हॉटेल नाही. म्हणून प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवायचा.

आणि काउंटरवर "हॉटेल द्या" ही सुरुवात करू नये. पहिला प्रश्न, "येणारं विमान आत्ता कुठे आहे?" पुण्याहून जाणारं विमान बहुतेक वेळा दुसरीकडूनच येऊन परत फिरतं. ते दिल्लीतून उडालेलंच नसेल तर तिथून सव्वादोन तास, मग इथे उतरून प्रवासी चढवायला पाऊण तास. म्हणजे १२.२० खोटं ठरणार हे ११ वाजताच कळतं. मग शांतपणे म्हणायचं, "अपेक्षित वेळ सहा तासांच्या पुढे जातेय, ड्युटी मॅनेजरना बोलवा." समोरच्या मुलीच्या हातात खोली नसते, ड्युटी मॅनेजरच्या सहीने मिळते. तिच्यावर ओरडून उपयोग नाही, आणि खोल्या थोड्या असतात तेव्हा शांतपणे उभ्या असलेल्या वयस्कर माणसांचं नाव आधी लिहिलं जातं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मीनल_सातारा
हे फारच उपयोगी आहे, मनापासून आभार. धुकं असेल तर "आमच्या हातात नाही" म्हणून नाकारतात असं ऐकलंय, ते खरं का?

वकील_शिवाजीनगर
नियमात हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षा ही कारणं भरपाईतून वगळली आहेत. उशिराच्या कलमातही अशा टाळता न येणाऱ्या कारणांत जेवण आणि राहणं देण्याचं बंधन कंपनीवर नाही. त्यामुळे धुक्यात खोली हक्काने मागता येत नाही, विनंती करता येते, असं माझं मत आहे.

लोहगाव_निवृत्त
वकीलसाहेब, तुमचं म्हणणं पटतं. रात्री १ वाजता काउंटरवरही धुक्याच्या नावाखाली फक्त जेवण मिळतं, खोली क्वचित. म्हणून कारण लेखी घ्यायला सांगतो. अनेकदा सुरुवात धुक्याने होते आणि शेवट वैमानिकांचे ड्युटीचे तास संपल्याने. दुसरा क्रू उभा करणं हे कंपनीचं काम. पत्रावर नुसतं "ऑपरेशनल" लिहिलं असेल तर तुमची बाजू भक्कम.

वकील_शिवाजीनगर
क्रूचे तास धुक्यामुळेच संपले असं कंपनी म्हणेल.

लोहगाव_निवृत्त
म्हणेल. तिथे मी तुम्हाला उत्तर देऊ शकत नाही, ते ग्राहक आयोगातच ठरेल.

हडपसर_हेमंत
क्रेडिट कार्डावर लाउंज घ्या हो. दोन रुपयांत गरम जेवण, सोफा, सगळं. मी कुपनासाठी रांगेत उभाच राहत नाही.

कोथरूड_कट्टा
लाउंजमध्ये रात्रभर बसू देत नाहीत, वेळेची मर्यादा असते. आणि साताऱ्याच्या काकांकडे ते कार्ड असेलच असं कशाला धरायचं?

हडपसर_हेमंत
मग मुलीने काढून द्यावं. थोडा खर्च करायची तयारी हवी. विमाननगरला पाच-सहा हजारांत उत्तम हॉटेलं आहेत, अडीच हजारांचा हट्ट कशाला?

सोलापूरची_स्नेहा
कुपनाबद्दल एक सांगते. आम्हाला मिळालं ते एकाच स्टॉलवर चालणारं होतं, आणि हातात पडेपर्यंत तो बंद. घेतानाच विचारा, कुठे चालतं, किती वाजेपर्यंत, आणि माणशी एक आहे ना. मधुमेह असेल तर गोड बिस्किटं आणि ज्यूसचं पाकीट हातात देतात, तेव्हा "जेवण हवंय, इन्सुलिनची वेळ आहे" असं स्पष्ट सांगा. आमच्या सासूबाईंना तसं सांगितल्यावर पोळी-भाजी आणून दिली.

पिंपळे_सौदागर_रेणुका
प्रवास विमा काढलाय का? त्यात उशिराचं कलम असतं. पण उशिराचं पत्र नसेल तर दावा जागच्या जागी नाकारतात. आमचा तसाच गेला.

लोहगाव_निवृत्त
रेणुकाताईंचं बरोबर. ते पत्र काउंटरवरच मागून घ्या. त्यावर मूळ वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि कारण हवं.

हॉटेल मिळालं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. नियमात खोलीबरोबर नेण्या-आणण्याची सोयही येते. जायची गाडी देतात, परतीची विसरतात. पहाटे किती वाजता, कोणत्या दारातून, हे निघायच्या आधीच लिहून घ्या. दुसरं, सिक्युरिटी झालेली असेल तर आपण उठून बाहेर येता येत नाही. कंपनीचा माणूस सोबत येतो, बोर्डिंग पास रद्द होतो, परत येताना नवा पास आणि पुन्हा तपासणी. चेक-इन केलेली बॅग बहुधा आतच राहते. इन्सुलिन, सुया, रात्रीच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्याच पिशवीत.

खोल्या संपल्या म्हणाले तर "आम्ही स्वतः घेतो, बिल द्याल असं ईमेल करा" म्हणावं. नुसत्या तोंडी होकारावर मिळालेले पैसे मी फार कमी पाहिलेत. बिल प्रवाशाच्याच नावाचं हवं. नंतर टाळाटाळ झाली तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार, किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५.

अमोल_खराडी
आणि पुण्याचा पत्ता असेल तर हॉटेल देत नाहीत, घरी जा म्हणतात. साताऱ्याचं आधार कार्ड जवळ ठेवा.

लोहगाव_निवृत्त
हे अमोलचं अगदी बरोबर. नियमात "गरज असेल तेव्हा" असे शब्द आहेत, त्याचाच आधार घेतात.

मीनल_सातारा
सगळं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, पहाटे ५.४० चं विमान असेल तर १२.३० ला बाहेर पडा, १ ला खोलीत, ३ ला परत, पुन्हा तपासणी. दोन तासांच्या झोपेसाठी आईच्या गुडघ्यांना एवढी उठबस नको. त्यामुळे सकाळी ८ च्या पुढे ढकललं तरच हॉटेल मागायचं, नाहीतर आतच थांबायचं, असं त्यांनी ठरवलंय. जेवण आणि पत्र मात्र दोन्ही मागणार. विमाननगरची खोली मी बघत नाही आता. पाठ टेकायला पातळ चादर आणि हवेची उशी देतेय.

चिंचवडचा_प्रवासी
एवढं करण्यापेक्षा दुपारचं विमान घ्यायचं.

मीनल_सातारा
ताई दिवसा शाळेत शिकवते, विमानतळावर आणायला भाऊजी रात्रीच मोकळे असतात. म्हणून रात्रीचं.

लोहगाव_निवृत्त
बाबांचा निर्णय योग्य वाटतो. मग आईंसाठी व्हीलचेअर आजच तिकिटात नोंदवा, त्या रात्री काउंटरवर मागितली तर वेळ लागतो. व्हीलचेअर असली की गेटपर्यंत मदतनीस सोबत असतो.